पाडव्याचं बुकिंग आणि मार्चचा ताळेबंद

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला, रविवारी. दुसऱ्या दिवशी आर्थिक वर्ष संपणार होतं. घरगुती उपकरणं विकणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीनं ही दोन दिवसांची जोडी मोठी फसवी. पाडव्याला लोक एसी, फ्रिज, कूलर बुक करतात, हातात येतील तेवढे पैसे देऊन नाव नोंदवतात, आणि माल न्यायचा तो एप्रिलमध्ये सावकाश. म्हणजे ३१ मार्चच्या रात्री गल्ला आणि बँक खातं दोन्ही भरलेलं असतं, पण त्यातला बराचसा पैसा दुकानाचा नसतो. तो ग्राहकांचा असतो, दुकानाकडे ठेवायला दिलेला.

हिशेब समोर ठेवून बोलायचं म्हणून एक दुकान कल्पू. बार्शीसारखं तालुक्याचं गाव, उन्हाळा कडक. दुकानात दोन-तीन कंपन्यांचे एसी आणि फ्रिज, शिवाय मागच्या अंगणात स्वतः जोडलेले पत्र्याचे कूलर. मालक, दोन पोरं, एक मिस्त्री, आणि आठवड्यातून दोनदा येऊन टॅलीत नोंदी करणारा अकाउंटंट. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण व्यवहार कुठल्याही बाजारपेठेत दिसेल तसाच.

पाडव्याच्या आठवड्यात या दुकानात १२ एसी बुक झाले. एका एसीची किंमत करासह ३८,४०० रुपये. त्यात मूळ किंमत ३०,००० आणि तेव्हाच्या २८ टक्के दरानं जीएसटी ८,४००. प्रत्येकानं १०,००० रुपये आगाऊ दिले. एकूण जमा १,२०,००० रुपये. माल कंपनीच्या वितरकाकडून अजून यायचा आहे.

हे १,२०,००० रुपये वहीत कुठं लिहायचे? बरोबर उत्तर लहान आहे. बँक खात्यात जमा, आणि समोर त्या त्या ग्राहकाच्या नावावर तेवढंच देणं. ताळेबंदात ही रक्कम देण्यांच्या बाजूला, ‘ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम’ म्हणून बसते. नफा-तोट्याच्या पत्रकाला ती शिवतही नाही. दुकानानं अजून काही विकलेलंच नाही. उद्या एखाद्या ग्राहकाचं मन बदललं तर पैसे परत द्यावे लागतील, आणि मन नाही बदललं तर एसी द्यावा लागेल. दोन्हीकडून ते देणंच.

पण प्रत्यक्षात काय होतं ते पाहण्यासारखं आहे. काही ठिकाणी पैसे आले म्हणजे विक्री झाली, या हिशेबानं सगळी रक्कम थेट विक्री खात्यात टाकली जाते. मग या वर्षाचा नफा एकदम १,२०,००० रुपयांनी फुगतो. खरं तर दुकानाला एसी करापूर्वी २७,५०० रुपयांना पडतो, म्हणजे एका एसीमागे २,५०० रुपये सुटतात. बारा एसींवर सगळा मिळून नफा ३०,००० रुपयांचा, आणि तोही एप्रिलमध्ये. म्हणजे पुढच्या वर्षी मिळणाऱ्या ३०,००० रुपयांच्या जागी या वर्षी १,२०,००० दाखवले गेले, आणि त्यावर प्राप्तिकरही भरला गेला. पुढच्या वर्षी बिल पूर्ण ३८,४०० चं केलं तर १०,००० दोनदा मोजले जातात. २८,४०० चं केलं तर ग्राहकाच्या हातातलं बिल चुकीचं ठरतं.

दुसरी तऱ्हा जरा शिकलेली आहे. पैसे आले त्याच दिवशी पूर्ण एसीचं बिल फाडायचं. ‘मार्चचं टार्गेट’ गाठायचं असलं की हा मोह होतोच. पण बिल फाडलं की त्या एसींचा ८,४०० गुणिले १२, म्हणजे १,००,८०० रुपये जीएसटी मार्चच्या विवरणात आला, आणि तो दरमहा विवरण भरणाऱ्याला २० एप्रिलपर्यंत भरायचा. माल अजून वितरकाकडून आलेला नाही, त्यामुळं खरेदीवरच्या कराची वजावट मार्चमध्ये हाती नाही. ग्राहकांनी दिले १,२०,०००, आणि सरकारकडे जवळपास तेवढेच जाणार. इकडे टॅलीत एसीचा साठा उणे १२ दिसतो. नसलेला माल विकल्याची ती जाहीर कबुलीच म्हणा. शिवाय ग्राहकाचं नुकसान वेगळं. कंपनीची वॉरंटी सर्वसाधारणपणे बिलाच्या तारखेपासून मोजतात. एसी एप्रिलच्या वीस तारखेला भिंतीवर चढला तरी त्याची वॉरंटी तीन आठवडे आधीच सुरू झालेली असते.

तिसरी तऱ्हा म्हणजे काहीच न लिहिणं. पावती बुकात नाव आणि रक्कम, पैसे मालकाच्या स्वतःच्या यूपीआयवर. दुकानाच्या वहीत ना जमा ना देणं. एप्रिलमध्ये बिल केलं की त्या ग्राहकाकडे ३८,४०० येणे दिसतात, आणि पोरगं वसुलीचा फोन करतं. ग्राहक चिडतो ते वेगळं.

या तिन्हींतून होणारा खरा घात मात्र कराचा नाही, खेळत्या पैशाचा आहे. बारा एसी आणायला वितरकाला कर धरून एकेकाचे ३५,२०० रुपये, म्हणजे ४,२२,४०० द्यावे लागणार. त्यातले १,२०,००० ग्राहकांनी आधीच दिलेत. वहीत ते देणं म्हणून दिसले तर मालक त्यांना हात लावताना विचार करेल. विक्री म्हणून दिसले, किंवा दिसलेच नाहीत, तर गोदामाचा हप्ता, जुन्या वितरकाची थकबाकी, घरातलं कार्य, कशातही ते जातात. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चाळिशी ओलांडतो, ग्राहक दारात उभा असतो, आणि वितरक पूर्ण पैसे आल्याशिवाय गाडी सोडत नाही. मग पुढच्या ग्राहकांच्या बुकिंगच्या पैशातून मागच्यांचा माल आणायचा खेळ सुरू होतो. हंगाम तेजीत असेपर्यंत तो चालतो. जूनमध्ये पाऊस पडला, नवं बुकिंग थांबलं, की शेवटच्या आठ-दहा ग्राहकांचे पैसे अडकतात.

देणं विक्री कधी होतं? आगाऊ रक्कम पूर्ण आली म्हणून नाही. मालाची मालकी ग्राहकाकडे गेली तेव्हा. आपल्याकडचं महसुलाच्या नोंदीचं लेखा मानक ९ हे १९८५ सालचं. मोठ्या कंपन्या आता नव्या मानकांवर गेल्या, पण लहान दुकानाला लागणारा विचार त्या जुन्या मानकात अजूनही स्वच्छ सापडतो. त्यातला एक दाखला तर थेट आपल्या दुकानातला आहे. जिथं वस्तू बसवून द्यावी लागते तिथं एरवी बसवून झाल्यावर विक्री धरावी. पण बसवणं साधं असेल, जसं कारखान्यात तपासून आलेला टीव्ही खोक्यातून काढून वीज आणि अँटेना जोडणं, तर ग्राहकानं माल स्वीकारला की विक्री झाली. छपरावरच्या अँटेना गेल्या, मानकातली अजून उभी आहे.

त्यातच पाडव्याच्या मुहूर्ताचंही उत्तर आहे. एखादा ग्राहक पूर्ण पैसे देतो, बिल घेतो, आणि म्हणतो, “भाऊ, घराचं रंगकाम चाललंय, फ्रिज आठ दिवस इथंच राहू द्या.” फ्रिज दुकानात तयार आहे, त्याच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलाय, उशीर ग्राहकाच्या सोयीनं होतोय. ही विक्री झाली. फ्रिज डोळ्यांसमोर असला तरी ३१ मार्चच्या साठ्यात तो मोजायचा नाही. उलट बुक झालेला, अर्धे पैसे आलेला, पण बिल न झालेला एसी गोदामात असेल तर तो अजून दुकानाचाच, साठ्यात धरायचा. साठा मोजणाऱ्या पोराला हा फरक कुणी सांगत नाही. तो दिसेल ते मोजतो.

जीएसटीत आगाऊ रकमेची वाट जरा वेगळी आहे. सुरुवातीला मालासाठी आलेल्या आगाऊ रकमेवरही कर लागत होता. १५ नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेनं, कंपोझिशनमध्ये नसलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून मोकळं केलं. आता मालाच्या आगाऊ रकमेवर तेव्हाच कर नाही, बिलाच्या वेळी तो लागतो. सेवेला ही सूट नाही. ग्राहकानं एसीसोबत बसवण्याचे १,५०० रुपये वेगळे आधीच दिले असतील, किंवा पुढच्या वर्षाच्या सर्व्हिसिंगच्या कराराचे पैसे भरले असतील, तर त्यावरचा कर पैसे आले त्याच महिन्यात द्यायचा. म्हणून पावती करताना मालाचे किती आणि सेवेचे किती, हे तिथंच फोडून लिहिलेलं बरं. नुसतं ‘अॅडव्हान्स ११,५००’ असं लिहिलं की वर्षअखेरीस कुणाला काही आठवत नाही.

या सगळ्या नीटनेटकेपणाची किंमत काय, हे सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक दुकानदारांना कळलं. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी दर कमी होण्याचं सूतोवाच केलं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला, आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवसापासून, एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ पासूनच १८ टक्क्यांत होते, त्यांना फरक नव्हता. आपल्या दुकानातला तोच एसी ३८,४०० वरून ३५,४०० वर आला. ३,००० रुपयांचा फरक, दुकानाच्या नफ्याहूनही जास्त.

आता गणपतीत ज्यांनी १०,००० रुपये देऊन एसी बुक केला त्यांचं काय? दर बदलताना कुठला दर लावायचा हे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या १४ व्या कलमात आहे. पैसे बदलाआधी आले, पण बिल आणि माल दोन्ही बदलानंतर, तर नवा दर. म्हणजे ज्या दुकानानं फक्त पावती केली होती आणि रक्कम ग्राहकाच्या नावावर देणं म्हणून ठेवली होती, त्यानं २२ तारखेनंतर १८ टक्क्यांनी बिल केलं. ग्राहकाकडून राहिलेले २५,४०० घेतले, विषय संपला. पण ज्यानं पूर्ण पैसे घेऊन बिलही आधीच फाडून ठेवलं होतं, त्याचा माल बदलानंतर गेला तरी जुनाच दर लागतो. घटस्थापनेच्या दिवशी असा ग्राहक दारात येऊन ३,००० रुपये मागू लागला की दुकानदाराकडे चांगलं उत्तर नसतं. कर सरकारकडे गेलेला, आणि ग्राहकाच्या दृष्टीनं एसी तर आजच घरी आला.

ही जमा रक्कम नीट ठेवली आहे की नाही, हे तपासायची एक सोपी रीत आहे. टॅलीत ग्राहकांचा गट उघडायचा आणि ज्यांची बाकी उलटी, म्हणजे जमेची आहे, तेवढी नावं काढायची. वर्षअखेरीस गटाची नुसती बेरीज पाहणारा इथंच फसतो. उधारीचे येणे ३,४०,००० आणि आगाऊ जमा १,२०,००० असेल तर गटाची निव्वळ बाकी २,२०,००० दिसते. ताळेबंदात हे दोन आकडे दोन बाजूंना वेगळे हवेत. एकाच्या उधारीतून दुसऱ्याची आगाऊ रक्कम वजा होत नाही. बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलेलं असेल तर येण्याचा हा आकडा तिच्याकडेही जातो.

मग एकेक नाव पाहायचं. पाडव्याला जमा झालेले १०,००० रुपये ऑगस्टमध्येही तसेच पडून असतील तर बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते. एक, ग्राहक खरोखर थांबलाय किंवा त्याला पैसे परत हवेत. दोन, माल गेलाय पण बिल झालेलं नाही. म्हणजे विक्री लपली, कर राहिला, आणि साठ्यात एक एसी कागदावर जास्त आहे. तीन, आणि ही सगळ्यात नेहमीची, बिल दुसऱ्याच नावावर झालंय. पैसे पुण्याच्या मुलानं यूपीआयनं पाठवले, अकाउंटंटनं त्याचं नाव लिहिलं. बिल मात्र आईच्या नावानं झालं. आता मुलाचे १०,००० जमा, आईकडे १०,००० येणे, आणि दोघंही हिशेब चुकता झाल्याच्या समजुतीत. यावर उपाय साधा आहे. पावतीवर बुकिंग नंबर घालायचा आणि बिल करताना तोच नंबर वापरायचा. टॅलीत बिलवार तपशील चालू असेल तर पैसे घेताना `Advance` आणि बिलाशी जोडताना `Agst Ref` निवडायचं. घाईत सगळं `On Account` वर टाकलं की कुठली रक्कम कुठल्या बिलाची हे टॅलीलाही सांगता येत नाही.

माल घरी गेला, पैसे चुकते झाले, आगाऊ रकमेचं देणं फिटलं. पण त्याच क्षणी दुसरं देणं उभं राहतं, आणि ते कुठल्याच पावतीवर दिसत नाही. वर्षभरात बिघडलं तर दुरुस्त करून देऊ, हा शब्द.

हा शब्द कोणाचा आहे, हे आधी ठरवावं लागतं. नामांकित कंपनीच्या एसीवरची एक वर्षाची वॉरंटी, कॉम्प्रेसरवरची दहा वर्षांची, ही कंपनीची जबाबदारी. दुकानदार तक्रार नोंदवून देतो, कधी मिस्त्री पाठवतो, पण खर्च कंपनीचा. त्यासाठी दुकानाच्या वहीत तरतूद करायची गरज नाही. दुकानानं स्वतः दिलेला शब्द मात्र दुकानाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नं ८६ व्या कलमात हे स्पष्टच केलंय. निर्मात्याच्या हमीव्यतिरिक्त विक्रेत्यानं स्वतंत्र हमी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, तर विक्रेता जबाबदार. निर्माता कोण हेच सापडत नसेल तरीही विक्रेत्याकडे बोट येतं. म्हणून बिनानावाचे पंखे आणि मिक्सर विकणाऱ्यानं ‘कंपनीची वॉरंटी’ म्हणताना, कुठली कंपनी, हे स्वतःला विचारून घ्यावं.

आपल्या दुकानाचे पत्र्याचे कूलर हे त्याचं स्वच्छ उदाहरण. जोडलेले दुकानानं, मोटार आणि पंपावर एक वर्षाची हमी दुकानाची. बिल सरासरी ७,५०० रुपये, कर वेगळा. २०२४-२५ या वर्षात असे २४० कूलर गेले. १५० एप्रिल-मेमध्ये, ९० पुन्हा हंगाम सुरू झाल्यावर, बहुतेक मार्चच्या उत्तरार्धात.

खर्चाचा अंदाज कुठून आणायचा? मिस्त्रीच्या वहीतून. मागच्या काही हंगामांत शंभर कूलरमागे साधारण बारा पंप बदलावे लागले आणि चार मोटारी पुन्हा गुंडाळाव्या लागल्या, असं त्या वहीत निघालं असं धरू. पंपाचे २५० आणि मिस्त्रीच्या फेरीचे १५०, म्हणजे पंपाच्या तक्रारीमागे ४००. मोटारीच्या तक्रारीमागे फेरी धरून १,१००. शंभर कूलरमागे ४,८०० अधिक ४,४००, म्हणजे ९,२००. एका कूलरमागे ९२ रुपये.

यानंतर बहुतेक जण २४० गुणिले ९२ करून मोकळे होतात, किंवा वॉरंटीचे जेवढे महिने उरले तेवढा हिस्सा धरतात. दोन्ही चुकतं, कारण कूलर महिन्याच्या हिशेबानं बिघडत नाही. पावसाळ्यात तो माळ्यावर जातो. सोलापूरकडचं पाणी क्षारांचं. पंपात साचलेला क्षार सुकून दगड होतो. पुढच्या मार्चमध्ये कूलर खाली उतरवून बटण दाबलं की पंप हूं म्हणून अडकतो, मोटार जाम होऊन जळते. म्हणजे तक्रारी दोन गठ्ठ्यांत येतात, नव्यानं विकल्यावरचे पहिले महिने आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू करतानाचे. एप्रिल-मेमध्ये विकलेल्या कूलरची वॉरंटी ३१ मार्चला महिना-दीड महिनाच उरलेली असते. महिन्यांच्या हिशेबानं बाराव्या हिश्शाएवढीच तरतूद लागेल. वही सांगते की त्या शेवटच्या दिवसांतच एकूण तक्रारींच्या जवळजवळ तिसरा हिस्सा येतो.

तर मग हिशेब असा होतो. नव्या ९० कूलरची पूर्ण वॉरंटी पुढं आहे, म्हणून ९० गुणिले ९२, म्हणजे ८,२८० रुपये. जुन्या १५० चा एकूण अंदाज १३,८००, त्याचा तिसरा हिस्सा ४,६००. दोन्ही मिळून १२,८८० रुपये. ३१ मार्चला एवढा खर्च नफ्यातून कमी करायचा आणि समोर ‘वॉरंटी तरतूद’ या नावानं देणं उभं करायचं. पैसे अजून कुणाला द्यायचे नाहीत, वेगळ्या पेटीत ठेवायचेही नाहीत. ज्या विक्रीचा नफा या वर्षी धरला, तिचा खर्चही याच वर्षात बसवला, एवढाच अर्थ. एप्रिलमध्ये पंप बदलला की त्या ४०० रुपयांनी तरतूद कमी होते, नव्या वर्षाच्या खर्चात ते जात नाहीत.

पुढच्या मार्चअखेर या तरतुदीचा पुन्हा हिशेब लागतो, आणि बरीच दुकानं तो करत नाहीत. समजा वर्षभरात या कूलरवर ११,३०० रुपये गेले. उरले १,५८०. त्या कूलरची हमी आता संपलीय, त्यामुळं ही रक्कम तशीच पुढं ओढायची नाही. नव्या कूलरसाठी १४,५०० ची गरज निघाली तर वर्षाच्या खर्चात १२,९२० टाकायचे. वर्षानुवर्षं न हलणारी, गोल आकड्याची तरतूद दिसली की समजावं, ती कुणी मोजलेली नाही.

अठरा लाखांच्या कूलर-विक्रीत १२,८८० म्हणजे किरकोळ, असं कुणी म्हणेल, आणि कूलरपुरतं ते बरोबरही आहे. पण दुकानदार देत असलेले महागडे शब्द कूलरवर नसतात. ऑनलाइन भावाशी टक्कर देताना काउंटरवर एक वाक्य सहज जातं, “दुसऱ्या वर्षी गॅस गेला तर आपल्याकडून फुकट भरून देऊ.” बिलावर ते नसतं. कंपनीनं ते दिलेलं नसतं. वर्षात असे ६० एसी गेले, त्यातल्या सहांचा गॅस दुसऱ्या वर्षी गळला, आणि गळती शोधून गॅस भरायला ३,००० रुपये लागले, तर झाले १८,०००. एसीमागे ३००. विक्रीच्या किमतीशी तुलना केली तर हा एक टक्का. पण दुकानाला एसीमागे सुटतात २,५००. त्यातले ३०० म्हणजे नफ्याचा आठवा हिस्सा, एका वाक्यात दिलेला. वॉरंटीचा खर्च नेहमी नफ्याशी ताडून पाहावा, किमतीशी नाही. शिवाय हा खर्च विक्रीनंतर वर्ष-दीड वर्षानं येतो, तेव्हा एसी विकल्याच्या वर्षाचा नफा वाटून, खर्चून झालेला असतो.

ग्राहकाकडून जादा पैसे घेऊन दिलेली वाढीव वॉरंटी ही मात्र तरतुदीची बाब नाही. २,००० रुपये घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची जबाबदारी दुकानानं घेतली, तर तो सेवेचा करार. ते पैसे आगाऊ रकमेसारखेच देण्यात बसतात आणि त्या दोन वर्षांत हळूहळू उत्पन्नात येतात. दुकान ती दुसऱ्या कंपनीसाठी विकत असेल तर दुकानाचं उत्पन्न फक्त कमिशन.

प्राप्तिकरात अशी तरतूद खर्च म्हणून चालते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रोटॉर्क कंट्रोल्स या व्हॉल्व्ह चालवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात २००९ साली न्यायालयानं ती मान्य केली. अट अशी, की विक्रीतूनच जबाबदारी निर्माण झालेली हवी, पैसे जाण्याची शक्यता हवी, आणि अंदाज मागच्या अनुभवावर उभा हवा. पुढं आलेल्या प्राप्तिकराच्या हिशेब-मानकांनी शक्यतेऐवजी ‘वाजवी खात्री’ असा जरा कडक शब्द धरला. म्हणून मिस्त्रीची वही, तारीख, ग्राहक, बदललेला भाग आणि खर्च यांसह, जपून ठेवायची. तिच्याशिवाय ९२ रुपये हा नुसता आकडा आहे. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी कर भरणाऱ्या लहान दुकानाला तरतुदीनं कर वाचत नाही, कारण तिथं खर्च वेगळे धरतच नाहीत. पण आपल्याला खरंच किती सुटतं, हे कळायला ती तिथंही लागते.

राहिला कंपनीकडच्या येण्याचा भाग. कंपनीच्या वॉरंटीत बसणारा बिघाड झाला, ग्राहक तापलेला, म्हणून दुकानदार आपल्याच साठ्यातला पंखा किंवा सर्किट बोर्ड बसवून देतो आणि जुना भाग क्लेमसाठी गोदामात टाकतो. वहीत काहीच होत नाही. वर्षअखेरीस पोरगं साठा मोजताना ते मेलेले भागही चालू भावानं मोजतं. खरं तर बसवलेला भाग साठ्यातून जायला हवा, आणि कंपनीकडे येणे तेव्हाच दाखवायचं जेव्हा ते मिळणार हे जवळपास पक्कं आहे, म्हणजे क्लेम मंजूर झाल्याचा मेल किंवा क्रेडिट नोट हातात आहे. नुसता पाठवलेला क्लेम येणं होत नाही. व्होल्टेजमुळं जळलं, बाहेरच्या मिस्त्रीनं उघडलं, सिरियल नंबर खोडला गेला, अशा कारणांनी क्लेम परत येतात. ३१ मार्चला गोदामातल्या जुन्या भागांची वेगळी यादी करायची, प्रत्येकासमोर क्लेमचा नंबर आणि तारीख लिहायची. ज्याला नंबरच नाही, किंवा जो नाकारला गेलाय, त्याची किंमत भंगारवाला देईल तेवढीच धरायची आणि उरलेली याच वर्षी खर्चात टाकायची.